आकाश निळे का दिसते, आणि मग ते जांभळे का दिसत नाही?

पेला रिकामा आहे असे आपण म्हणतो तेव्हाही तो हवेने काठोकाठ भरलेला असतो, पण त्या हवेला रंग दिसत नाही. खोलीतल्या हवेलाही रंग नसतो. खिडकीतून आत येणारे ऊन पांढरेच असते, नाहीतर वहीचे पान आपल्याला पांढरे दिसले नसते. हवा बिनरंगी आणि ऊन पांढरे असताना खिडकीबाहेर डोके काढून वर पाहिले, की निळा रंग दिसतो. तो कोठून येतो हे शोधताना एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघतो, म्हणून त्याच क्रमाने पुढे जाऊ.

आकाश म्हणजे नेमके काय आहे?

आकाश म्हणजे आपल्या डोक्यावर पालथे घातलेले निळे भांडे नव्हे. वर हवा आहे, आणि तिच्या पलीकडे जवळजवळ रिकामा अवकाश आहे. हवा वर जाऊ तशी विरळ होत जाते. तिचा निम्मा भाग जमिनीपासून साडेपाच किलोमीटरच्या आतच असतो. सगळी हवा जमिनीजवळच्या हवेइतकी दाट करून थरासारखी पसरली, तर तो थर केवळ ८ किलोमीटर जाडीचा भरेल. हा ८ किलोमीटरचा थर लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर उभा आहे.

निळा रंग हवेमुळेच आहे याचा सर्वात सरळ पुरावा चंद्रावर मिळाला. १९६९ साली माणूस प्रथम चंद्रावर उतरला, तेव्हा तेथे दिवस होता आणि सूर्य क्षितिजाच्या वर आलेला होता, तरी छायाचित्रांतले आकाश काळेकुट्ट आहे. चंद्रावर आपल्यासारखी हवा नाही. म्हणून तेथे सूर्याच्या दिशेला पाहिले तर सूर्याचा प्रकाश दिसतो, आणि इतर कोणत्याही दिशेला पाहिले तर अंधार दिसतो. पृथ्वीवर मात्र सूर्याकडे पाठ करून उभे राहिले तरी समोरच्या आकाशातून प्रकाश येतच असतो. याचा अर्थ आपली हवा सूर्याचा काही प्रकाश वाटेत अडवते आणि चहूकडे उधळते.

समुद्र निळा आहे, म्हणून त्याचे प्रतिबिंब आकाशात पडते का?

नाही. हे उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळते, पण समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर, वाळवंटाच्या मध्यभागीही आकाश निळेच दिसते. खरे तर गोष्ट बरीचशी उलटी आहे. समुद्राच्या निळेपणातला काही भाग आकाशाच्या प्रतिबिंबामुळे येतो, आणि उरलेला भाग खोल पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते म्हणून येतो.

पांढऱ्या उन्हात निळा रंग कोठून आला?

तो तेथे आधीपासून असतोच. सूर्याचा प्रकाश आपल्याला पांढरा वाटतो, पण इंद्रधनुष्यात तोच प्रकाश सुटा होऊन दिसतो. 'तानापिहिनिपाजा' हा शब्द तुम्ही पाठ केला असेल. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा या रंगांची ती यादी आहे, आणि ती केवळ पाठांतराच्या सोयीसाठी अशी लावलेली नाही. या क्रमामागे एक मोजता येणारी गोष्ट आहे, ती म्हणजे तरंगलांबी.

प्रकाश लाटांच्या रूपाने प्रवास करतो. दोन शेजारच्या लाटांच्या माथ्यांमधले अंतर म्हणजे त्या प्रकाशाची तरंगलांबी. ती इतकी लहान असते, की ती नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६५० नॅनोमीटर, हिरव्याची ५५०, निळ्याची ४५० आणि जांभळ्याची सुमारे ४०० नॅनोमीटर असते. डोक्यावरचा एक केस चिमटीत धरून पाहा. त्याची जाडी साधारण ७०,००० नॅनोमीटर असते. एवढ्याशा जाडीत तांबड्या प्रकाशाच्या शंभराहून थोड्या अधिक लाटा मावतात, तर निळ्या प्रकाशाच्या दीडशेहून अधिक मावतात.

सगळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेगाने धावत असतो. म्हणून ज्याच्या लाटा आखूड, त्याच्या लाटा एका सेकंदात अधिक संख्येने येतात. निळा प्रकाश म्हणजे अधिक भरभर हेलकावणारा प्रकाश आणि तांबडा म्हणजे त्या मानाने संथ हेलकावणारा, एवढा फरक समजला की पुढचे अवघड राहत नाही.

हवेचा रेणू प्रकाशाला काय करतो?

हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंचे रेणू असतात. एक रेणू एका नॅनोमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, म्हणजे निळ्या प्रकाशाची एक लाट त्याच्यापेक्षा हजारपटीहून अधिक लांब असते. त्यामुळे प्रकाश रेणूवर चेंडूसारखा आपटून परत फिरतो, असे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. समुद्राच्या लांबच लांब लाटेवर एखादे बूच तरंगते आहे, हे चित्र खऱ्याच्या अधिक जवळचे आहे. लाट येते तेव्हा बूच फुटत नाही किंवा फेकलेही जात नाही, ते लाटेच्या तालावर फक्त वरखाली होते.

रेणूमध्ये विद्युतभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट रेणूवरून जाते, तेव्हा हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर थरथरू लागतात. आणि विद्युतभार थरथरला की तो स्वतःच प्रकाश बाहेर टाकतो, त्याच रंगाचा, पण चोहीकडे. सूर्याकडून सरळ येणाऱ्या प्रकाशातला थोडासा वाटा अशा रीतीने बाजूला वळवला जातो. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. हा बाजूला वळलेला प्रकाश आकाशाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आपल्या डोळ्यांकडे येतो, म्हणून आकाश उजळलेले दिसते.

येथे रेणूने काही रंगवलेले नाही, हे नीट लक्षात घ्यावे. रेणू निळा नसतो, आणि निळा प्रकाश तो तयारही करत नाही. जो रंग आला तोच तो पुढे पाठवतो. फक्त सगळे रंग तो सारख्या प्रमाणात पाठवत नाही.

मग निळ्यालाच झुकते माप का?

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे घाई करू नये. एक दोरी घ्या, तिचे टोक भिंतीला बांधा आणि दुसरे टोक हातात धरून हळूहळू वरखाली हलवा. हाताला फार श्रम पडत नाहीत. आता हात तितक्याच उंचीपर्यंत न्यायचा, पण दुप्पट भरभर. काही क्षणांतच मनगट दुखू लागते, कारण प्रत्येक वेळी हाताची दिशा फार कमी वेळात उलटवावी लागते आणि त्यासाठी जोराचा झटका द्यावा लागतो. हेलकाव्यांची गती दुप्पट केली, की हा झटका दुप्पट नव्हे, तर चौपट होतो.

थरथरणारा इलेक्ट्रॉन किती प्रकाश बाहेर टाकेल, हे त्याला बसणाऱ्या झटक्यावर ठरते. त्यातही झटका चौपट झाला, तर बाहेर पडणारा प्रकाश चौपट न होता सोळापट होतो. म्हणजे गती दुप्पट, झटका चौपट आणि प्रकाश सोळापट. दोनाला दोनाने चार वेळा मांडून गुणले तर सोळा येतात, आणि म्हणून या नियमाला चौथ्या घाताचा नियम म्हणतात. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी तो १८७१ साली मांडला, आणि या प्रकारच्या विकिरणाला त्यांचेच नाव मिळाले आहे.

आता तो आपल्या रंगांना लावू. तांबड्याची तरंगलांबी ६५० आणि निळ्याची ४५०, म्हणजे निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे १.४४ पट भरभर हेलकावतो. १.४४ ही संख्या चार वेळा मांडून गुणाकार करा. उत्तर सुमारे ४.३ येते. अर्थ असा की हवेचा रेणू तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून अधिक उधळतो. रंगांमधला मूळ फरक लहानसाच होता, पण चौथ्या घाताने तो एवढा मोठा केला.

प्रत्यक्षात किती प्रकाश उधळला जातो?

सूर्य डोक्यावर आहे आणि हवा अगदी स्वच्छ आहे असे समजू. सूर्याकडून प्रत्येक रंगाचे १०० भाग हवेच्या थरात शिरले. जमिनीपर्यंत पोहोचेतो जांभळ्यातले सुमारे ३० भाग बाजूला उधळले गेलेले असतात. निळ्यातले २०, हिरव्यातले ९ आणि तांबड्यातले ५ भाग तसेच जातात. उधळलेल्या प्रकाशातला जवळजवळ अर्धा वर अवकाशात निघून जातो आणि उरलेला खाली आपल्याकडे येतो. तो खाली आलेला प्रकाश म्हणजेच आपले आकाश.

या आकड्यांमधून आणखी एक गोष्ट निघते. सूर्याच्या थेट किरणांत निळ्याचे ८० भाग उरले आणि तांबड्याचे ९५, म्हणजे थेट ऊन किंचित पिवळसर होते. आकाशाला मिळालेला निळा रंग उन्हातूनच वजा झालेला आहे. (हे पाहण्यासाठी सूर्याकडे थेट पाहू नका. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते, आणि ती होत असताना दुखतही नाही.)

जांभळा सर्वात जास्त उधळला जातो, मग आकाश जांभळे का नाही?

वर दिलेले आकडे वाचून हा प्रश्न ज्याच्या मनात आला, त्याने ते खरोखर समजून वाचले असे मी मानतो. याचे उत्तर हवेत सापडत नाही, त्यासाठी आधी सूर्याकडे आणि मग आपल्या डोळ्याकडे वळावे लागते.

पहिले कारण असे, की सूर्याच्या प्रकाशात जांभळ्याचा वाटा मुळातच निळ्यापेक्षा कमी असतो. ३० भाग उधळले गेले, तरी ते लहान ढिगातले आहेत. पण एवढ्याने काम भागत नाही, कारण हा फरक हिशोबात धरला तरी आकाशातून पुष्कळ जांभळा प्रकाश आपल्याकडे येतच असतो.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण डोळ्यात आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार आखूड लाटांना, म्हणजे निळ्या-जांभळ्याला जास्त प्रतिसाद देतो, दुसरा मधल्या लाटांना आणि तिसरा त्याहून लांब लाटांना. रंग कोणता, हे मेंदू या तिघांच्या प्रतिसादांची तुलना करून ठरवतो. नुसता जांभळा प्रकाश डोळ्यात आला, तर आखूड लाटांच्या पेशी जोरात जाग्या होतात, आणि त्याबरोबर लांब लाटांच्या पेशीही किंचित जाग्या होतात. म्हणून जांभळ्या रंगात आपल्याला तांबूस छटा जाणवते.

परंतु आकाशाचा प्रकाश नुसता जांभळा नसतो. त्यात हिरवाही असतो, पिवळाही असतो आणि थोडा तांबडाही असतो. या मिश्रणामुळे मधल्या आणि लांब लाटांच्या पेशी जवळजवळ सारख्याच जाग्या होतात, त्यामुळे तांबूस छटेला पुढे यायला वाव मिळत नाही. आखूड लाटांच्या पेशी मात्र त्या दोघींपेक्षा बऱ्याच जास्त जाग्या झालेल्या असतात. शुद्ध निळ्या प्रकाशात पांढरा प्रकाश मिसळला, तर या तीन पेशींचा प्रतिसाद अगदी असाच असतो. मेंदूला या दोहोंत फरक करता येत नाही, म्हणून त्याचा निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे फिकट निळा. रंगाच्या पेटीतला निळा सरळ ट्यूबमधून काढून लावला तर चित्रातले आकाश खोटे वाटते, आणि त्यात पांढरा मिसळला की ते खरे वाटू लागते, तेही याच कारणामुळे.

ज्या प्राण्यांच्या डोळ्यांतल्या पेशी वेगळ्या आहेत, त्यांना हेच आकाश वेगळे दिसत असणार. मधमाशीला जांभळ्याच्याही पलीकडचा अतिनील प्रकाश दिसतो.

उधळणारे कण धुळीचे की हवेचे?

याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली. जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनी १८६९ च्या सुमारास काचेच्या नळीत काही वायूंपासून अतिशय बारीक कणांचा धूसर ढग तयार केला आणि त्यातून प्रखर प्रकाश सोडला. अंधाऱ्या खोलीत बाजूने पाहिले, तेव्हा तो ढग आकाशासारखा निळा दिसला. कण वाढत गेले, तसा निळा रंग फिका पडत पांढरा झाला. त्यामुळे आकाशातही असे बारीक तरंगते कण असले पाहिजेत, असे वाटणे साहजिक होते. परंतु १८९९ साली रेले यांनीच हिशोब करून दाखवले, की त्यासाठी वेगळ्या कणांची गरज नाही, हवेचे रेणू एकटेच आकाश निळे करायला पुरेसे आहेत. तुमचा अनुभवही याला दुजोरा देईल. धूळ निळेपणाला कारण असती, तर धुळीच्या दिवशी आकाश अधिक निळे दिसले असते. प्रत्यक्षात ते पाऊस पडून हवा धुऊन निघाल्यावर अधिक निळे दिसते, आणि धुळीच्या दिवशी पांढुरके व मळकट होते.

ढग पांढरे का?

ढगातला पाण्याचा थेंब लहान असला, तरी साधारण १०,००० नॅनोमीटर रुंद असतो. तो लाटेपेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे लाटेवरच्या बुचाचे उदाहरण त्याला लागू पडत नाही, आणि चौथ्या घाताचा नियमही नाही. तो सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतो, आणि सगळे रंग सारखे आले की आपल्याला पांढरे दिसते.

हे घरी करून पाहता येईल का?

येईल, आणि ते करावेच. सरळ कडांचे, पारदर्शक आणि शक्यतो लांबट भांडे घ्या. त्यात एक लिटर पाणी भरा. खोलीत पूर्ण अंधार करा. पांढऱ्या प्रकाशाची बॅटरी भांड्याच्या एका अरुंद बाजूला अगदी टेकवून धरा, म्हणजे झोत पाण्यातून लांबीच्या दिशेने जाईल. सुरुवातीला पाण्यात झोत जवळजवळ दिसतच नाही. आता ड्रॉपरने दुधाचा एक थेंब टाका, हलक्या हाताने ढवळा आणि पाणी स्थिर होऊ द्या. मग दुसरा थेंब, मग तिसरा. प्रत्येक थेंबानंतर दोन ठिकाणांहून पाहायचे आहे. आधी भांड्याच्या बाजूने, बॅटरीच्या जवळचा भाग पाहा. मग समोरच्या टोकाकडे एक पांढरा कागद धरून त्यावर पडलेला प्रकाश पाहा.

काही थेंबांनंतर बाजूने पाहताना झोताला धुरकट निळसर छटा येते, आणि कागदावरचा ठिपका पिवळसर व मग नारिंगी होऊ लागतो. एकाच भांड्यात दुपारचे आकाश आणि संध्याकाळचा सूर्य शेजारीशेजारी दिसतात.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. वर्गात हा करून दाखवताना एका मुलाने थेंबांना कंटाळून चमचाभर दूध एकदम ओतले, आणि सगळे भांडे पांढरेफटक झाले. दुधाचे कण इतके दाट झाले, की प्रत्येक रंग वाटेत अनेक वेळा उधळला जाऊन सगळे पुन्हा एकमेकांत मिसळले. कागदावरचा ठिपका रंगीत होण्याऐवजी नुसता अंधुक होत असेल, तर दूध जास्त झाले असे समजावे आणि पाणी बदलून पुन्हा सुरुवात करावी. दुसरी चूक बॅटरीची असते. पिवळसर प्रकाशाच्या बॅटरीत निळा मुळातच कमी असतो, त्यामुळे निळसर छटा दिसत नाही. साय काढलेले दूध घेतले तर परिणाम अधिक स्पष्ट दिसतो, कारण स्निग्धाचे मोठे गोळे ढगातल्या थेंबांसारखे वागतात आणि प्रथिनांचे बारीक कण निळा अधिक उधळतात. तरीही हे कण रेणूंपेक्षा पुष्कळ मोठे असतात, म्हणून भांड्यातला निळा आकाशाइतका शुद्ध होणार नाही, ही अपेक्षा आधीच ठेवावी.

सूर्य मावळताना तांबडा का होतो?

येथे आपला ८ किलोमीटरचा थर कामाला येतो. सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याचा प्रकाश हा थर उभा पार करतो, म्हणजे एका थरातून येतो. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला, की वाट तिरपी होऊन दोन थरांइतकी होते. तो क्षितिजाला टेकतो, तेव्हा ती तब्बल ३८ थरांइतकी, म्हणजे साधारण ३०० किलोमीटर दाट हवेइतकी लांब होते.

आता गणकयंत्र हातात घ्या. प्रत्येक थर निळ्यातला पाचवा हिस्सा उधळतो, म्हणजे ८० टक्के पुढे जाऊ देतो. १०० भागांपासून सुरुवात करून प्रत्येक थरासाठी एकदा ०.८ ने गुणायचे. पहिल्या थरानंतर ८०, दुसऱ्यानंतर ६४, तिसऱ्यानंतर ५१, आणि दहाव्यानंतर जेमतेम ११ भाग उरतात. तांबड्यासाठी हेच ०.९५ ने करा. दहाव्या थरानंतरही त्याचे ६० भाग शिल्लक असतात. असेच ३८ थरांपर्यंत जा. तांबड्याच्या १०० भागांपैकी १४ भाग आपल्यापर्यंत पोहोचतात. ०.९१ ने गुणत गेले तर हिरव्याचे जेमतेम ३ भाग उरतात. निळ्याचे मात्र १०० तून काही मोजण्यासारखे उरतच नाही, १०,००० भाग घेतले तर त्यातले २ पोहोचतात. दुपारी थेट उन्हात निळा आणि तांबडा यांच्यात ८० आणि ९५ एवढाच फरक होता, आणि संध्याकाळी तांबडा निळ्याच्या सुमारे सातशेपट झाला. रेणू तेच आहेत आणि नियमही तोच आहे, वाढले आहे ते फक्त अंतर.

हा हिशोब स्वच्छ हवेचा आहे. हवेत धूर, धूळ किंवा बाष्प असेल तर उरलेल्या प्रकाशातूनही बराच वजा होतो. मग सूर्य मळकट तांबडा दिसतो, किंवा क्षितिजाला टेकण्याआधीच दिसेनासा होतो.

भरदुपारी क्षितिजाजवळचे आकाश पांढुरके का असते?

मान वर करून आकाश पाहा आणि मग नजर हळूहळू क्षितिजाकडे उतरवा. निळा फिका होत जातो आणि अगदी खाली जवळजवळ पांढरा होतो. पुष्कळ लोक याचा दोष धुळीला देतात. तिचा वाटा असतो खरा, पण अगदी स्वच्छ हवेतही हे घडतेच. क्षितिजाकडे पाहताना आपली नजर त्या ३८ थरांमधून जाते. दूरच्या हवेने उधळलेला निळा आपल्याकडे येताना वाटेतल्या हवेकडून पुन्हा उधळला जातो आणि नजरेच्या रेषेतून बाहेर पडतो. तांबडा आणि हिरवा कमी उधळले जातात, पण त्यांना आपल्याकडे यायला अडथळाही कमी होतो. वाट पुरेशी लांब झाली की कमी-जास्तचा हा खेळ बरोबरीत सुटतो आणि सगळे रंग पुन्हा एकत्र येऊन पांढरे दिसते. चमचाभर दुधाने पांढऱ्याफटक झालेल्या भांड्यात घडले होते, ते थोडेफार असेच.

सूर्य मावळल्यावरही डोक्यावरचे आकाश निळेच का राहते?

आतापर्यंतचा नियम येथे एकट्याने पुरत नाही, म्हणून हा प्रश्न मला फार आवडतो. सूर्य नुकताच मावळला आहे. जमिनीवर ऊन नाही, पण डोक्यावरच्या उंच हवेवर ते अजून पडते आहे. ते ऊन आडव्या वाटेने, हवेच्या लांबच लांब पट्ट्यातून तेथे पोहोचते, आणि आपण नुकताच केलेला हिशोब सांगतो की एवढ्या वाटेत त्यातला निळा जवळजवळ संपून गेलेला असावा. जे उरले आहे तेच वरची हवा उधळणार. मग डोक्यावरचे आकाश पिवळट किंवा राखाडी दिसायला हवे होते. प्रत्यक्षात ते गडद निळे दिसते.

हे कोडे १९५३ साली हलबर्ट या शास्त्रज्ञांनी सोडवले. वातावरणात साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायू अधिक प्रमाणात असतो. तो अतिनील प्रकाश शोषतो हे तुम्ही वाचले असेल, पण तो पिवळा, नारिंगी आणि तांबडा प्रकाशही थोडासा शोषतो. दिवसा सूर्यप्रकाश हा थर सरळ पार करतो, त्यामुळे हे शोषण लक्षातही येत नाही. संध्याकाळी मात्र प्रकाश ओझोनच्या थरातून शेकडो किलोमीटर आडवा जातो, आणि त्यातला पिवळा-नारिंगी भाग इतका गाळला जातो की निळा पुन्हा वरचढ ठरतो. म्हणजे दुपारचे निळे आकाश प्रकाश उधळला गेल्यामुळे निळे असते, आणि सूर्यास्तानंतरचे डोक्यावरचे निळे आकाश बरेचसे प्रकाश शोषला गेल्यामुळे निळे राहते.

आज आकाश निरभ्र असेल, तर सूर्य मावळल्यानंतर वीस मिनिटांनी मोकळ्या जागी उभे राहा. आधी पश्चिमेकडचा तांबूस-पिवळा पट्टा पाहा, मग नजर हळूहळू वर नेत थेट डोक्यावर आणा, आणि तेथला निळा दुपारच्या निळ्यापेक्षा किती वेगळा आहे ते वहीत लिहून ठेवा.